संशयित सर्व्हरच्या फायली मूळ इमेजशी ताडून पाहायच्या आहेत : सल्ला हवा (मुदत रविवार रात्र, खर्च १५ हजारांपर्यंत)

मशीदबंदर_कारकून · शुक्रवार, रात्री ९.१०

मशीद बंदर येथील एका कस्टम्स क्लिअरिंग कार्यालयाचा एकमेव सर्व्हर मी सांभाळते. आमचे यंत्र बाहेरच्या यंत्रांच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर सतत धडका देत असल्याची मेल आज दुपारी महापेच्या डेटा सेंटरकडून आली, म्हणून यंत्र बंद करून मी डिस्क घरी आणली आहे. प्रणाली उबंटू २२.०४ आहे. यंत्र प्रथम बसवले तेव्हा, म्हणजे इंटरनेटला जोडण्याआधी, मी संपूर्ण डिस्कची इमेज काढून वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. ती डिस्क तेव्हापासून कपाटातच आहे आणि इमेजचा एसएचए-२५६ हॅश मी कार्यालयाच्या नोंदवहीत हाताने उतरवून ठेवलेला आहे. या इमेजशी प्रत्येक फाइलचा हॅश ताडून कोणती फाइल बदलली गेली हे शोधायचे आहे. सोमवारी सकाळी १० वाजता बिल ऑफ एंट्री भरण्यासाठी यंत्र सुरू हवे. पद्धत सुचवावी.

विक्रोळीकर · रात्री ९.३२

आमच्या कंपनीने गेल्या वर्षी प्रत्येक सर्व्हरवर देखरेखीची सशुल्क प्रणाली बसवली. वार्षिक खर्च सुमारे ८ लाख येतो, पण फाइल बदलल्याची सूचना थेट मोबाइलवर येते. अशी प्रणाली आधीच असती तर ही वेळ आली नसती. आताही विचार करावा.

मशीदबंदर_कारकून · रात्री ९.४०

आभारी आहे. मर्यादा १५ हजारांची आहे, आणि घटना घडून गेलेली आहे.

डोंबिवली_फास्ट · रात्री ९.५५

उबंटूच्या संकेतस्थळावरून डाउनलोड केलेल्या आयएसओचा हॅश तिथेच दिलेला असतो. तो जुळला तर काळजीचे कारण नाही. मी नेहमी तेवढेच करतो.

गोदी_नाका · रात्री १०.२०

वरील उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. आयएसओ जुळला म्हणजे बसवताना माल खरा होता एवढेच सिद्ध होते, आजची स्थिती त्यातून कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संशयित प्रणाली सुरू करून तिच्यातच `sha256sum` चालवू नये, ही पहिली अट. घुसखोराने `/etc/ld.so.preload` मधून स्वतःची लायब्ररी घुसवली असेल, किंवा कर्नलमध्ये रूटकिट असेल, तर वाचणाऱ्याला मूळ फाइल दाखवायची आणि चालवताना दुसरीच चालवायची, हे त्याला सहज जमते. आपण डिस्क काढून आणलीत, हे उत्तम झाले. बंद करण्याआधी मेमरीची नोंद घेतली असती तर आणखी बरे झाले असते, पण ती वेळ गेली. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढा, मूळ डिस्क बाजूला ठेवा आणि स्वच्छ लिनक्स यंत्रावर ती प्रत अशी जोडा :

```
blockdev --setro /dev/sdb
mount -o ro,noload,noexec,nodev /dev/sdb2 /mnt/s
cd /mnt/s
find . -xdev -type f -print0 | LC_ALL=C sort -z \
  | xargs -0 sha256sum > /root/s.txt
```

`noload` विसरू नये. एक्स्ट-४ ची डिस्क नुसत्या `ro` ने जोडली तरी अपुरे राहिलेले जर्नल तिच्यावर लिहिले जाऊ शकते. डिव्हाइसचे नाव आपल्या यंत्रावर जे दिसेल ते घ्यावे. हेच इमेजच्या प्रतीवर करून दुसरी यादी बनवा आणि दोन्ही याद्या `diff` ने ताडा. `sha256sum -c` वापरू नये, कारण ते फक्त यादीत असलेल्या फायली तपासते, घुसखोराने नव्याने ठेवलेल्या फाइलविषयी ते अवाक्षर काढत नाही.

सायन_सर्कल · रात्री १०.४१

माझ्या अनुभवाप्रमाणे एमडी-५ वापरले असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ आहे, कारण ते २००४ सालीच फुटले. `debsums` हेच साधन एमडी-५ वर चालते, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवणे हा वेडेपणा आहे.

गोदी_नाका · रात्री १०.५८

निष्कर्ष बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. २००४ साली दाखवले गेले ते असे, की एकच हॅश येणाऱ्या दोन फायली मुद्दाम घडवता येतात. पण त्यासाठी दोन्ही फायली घडवणाऱ्याच्याच हातात असाव्या लागतात. उबंटूने आधीच बनवलेल्या `sshd` शी जुळणारी दुसरी फाइल तयार करणे आजही व्यवहारात शक्य झालेले नाही. `debsums` वर विसंबू नये ते यासाठी, की त्याच्या याद्या त्याच यंत्रावर `/var/lib/dpkg/info` मध्ये असतात, आणि ज्याला फाइल बदलता आली त्याला तिच्या यादीतली ओळ बदलायला किती वेळ लागणार? चोराकडेच वहीची किल्ली असल्यासारखे आहे ते.

सायन_सर्कल · रात्री ११.०४

तरीही एमडी-५ नकोच, असे माझे मत कायम आहे.

ठाणे_पूर्व · रात्री ११.३०

मी केलेली चूक सांगतो, कारण वरील पद्धतीत ती होणे अगदी सोपे आहे. दोन वर्षांपूर्वी अशीच तुलना करताना मी दोन्ही डिस्का एकाच यंत्राला जोडल्या आणि यूयूआयडी देऊन माउंट केल्या. सर्व्हर ज्या डिस्कवरून चालत होता तिचीच ती इमेज होती, त्यामुळे दोन्हींचा यूयूआयडी एकच होता, आणि दोन्ही वेळा एकच डिस्क माउंट झाली. `diff` ने एकही ओळ दाखवली नाही. मी साहेबांना ‘यंत्र निर्मळ आहे’ असे लेखी कळवले आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. वापरात असलेल्या यंत्रावर `/var/log` सुद्धा तंतोतंत जुळावे हे अशक्य आहे, एवढी साधी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी उमगली. म्हणून डिस्का एकेक करून जोडाव्यात, आणि शून्य फरक आला तर आनंद मानू नये, माउंट तपासावे.

नियमावली_वाचक · रात्री ११.४६

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. मेल दुपारी आली होती. हॅश नंतर काढा, आधी ते करा. आमच्याकडे या एका गोष्टीसाठी तीन सह्या लागतात, तो भाग वेगळा.

मशीदबंदर_कारकून · शनिवार, दुपारी ३.१५

काल रात्रीच कळवले, उशीर झाला तो झाला. नोंदवहीतील हॅश इमेजशी जुळला. दोन्ही याद्या तयार आहेत, पण फरक असलेल्या ओळी ४,८१२ निघाल्या आहेत! यातून घुसखोराची फाइल कशी निवडायची?

विक्रोळीकर · दुपारी ३.२२

म्हणूनच मी सशुल्क प्रणाली म्हणत होतो.

गोदी_नाका · दुपारी ४.०५

हे अपेक्षितच होते. इमेज बसवल्या दिवसाची आहे आणि त्यानंतर यंत्राने आपोआप सुरक्षा अद्यतने घेतली आहेत, त्यामुळे बदललेल्या बहुतेक फायली उबंटूनेच बदललेल्या आहेत. त्या एकेक करून नजरेखाली घालण्यापेक्षा इमेजलाच आजच्या तारखेपर्यंत आणावे. इमेजची आणखी एक प्रत करून ती व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू करा. संशयित डिस्कवरील `var/lib/dpkg/status` मधून पॅकेजांची नावे व आवृत्त्या काढा आणि नेमक्या त्याच आवृत्त्या त्या प्रतीवर चढवा. जुनी आवृत्ती नेहमीच्या भांडारातून निघून गेली असेल तर ती लॉंचपॅडवर मिळते. नेहमीच्या भांडारातील पॅकेजे उबंटूच्या स्वाक्षरीने पडताळून येतात, आणि संशयित डिस्ककडून आपण फक्त आवृत्तीचा आकडा घेतो, हॅश घेत नाही. मग ती प्रत बंद करा, बाहेरून माउंट करा आणि नव्याने यादी काढा. सामान्यतः काही हजारांवरून काही डझनांवर येते.

हॅशमध्ये फाइलचा मजकूर तेवढाच मोजला जातो. तिला सेटयूआयडी बिट लावला, मालक बदलला किंवा सिमलिंक दुसरीकडे वळवली, तर वरील यादीत त्याची गंधवार्ताही लागणार नाही. त्यासाठी ही वेगळी यादी दोन्हीकडे काढा :

```
find . -xdev -printf '%p %y %m %U %G %l\n' | LC_ALL=C sort
```

मोठे `%U` आणि `%G` मुद्दाम आहेत, लहान अक्षरे दिली तर नावे तपासणाऱ्या यंत्राच्या `passwd` मधून येतात आणि घोळ होतो.

मशीदबंदर_कारकून · रविवार, सकाळी ७.५०

रात्रभर बसून ते केले. `/var` वेगळे काढल्यावर ३७ ओळी उरल्या. त्यातील बहुतेक यंत्राने स्वतःच बनवलेल्या आहेत : `machine-id`, एसएसएचच्या होस्ट कळा, `ld.so.cache`, `/boot` मधील इनिटआरडी. `/etc` मधील ११ बदल माझेच आहेत. दोन ओळी मात्र कशातच बसत नाहीत.

पहिली, `usr/lib/x86_64-linux-gnu/security/pam_unix.so`. पॅकेजची आवृत्ती तीच आहे, हॅश वेगळा आहे. `stat` मध्ये बदलाची तारीख पॅकेजमधल्या फाइलशी तंतोतंत जुळते, पण त्याखालची ‘चेंज’ची वेळ ११ दिवसांपूर्वीची, पहाटे ३.४२ ची आहे. दुसरी, `usr/share/man/` मध्ये एक फाइल, जी कोणत्याही पॅकेजची नाही. उघडली तर आत ओळीने वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड. चौथ्या ओळीवर माझा स्वतःचा.

गोदी_नाका · सकाळी ८.२०

मग उत्तर मिळाले. लॉगिन तपासणारे मॉड्यूलच बदलले आहे, ते पासवर्ड टिपून त्या फाइलमध्ये ठेवते, आणि बहुधा घुसखोराचा एक ठरावीक पासवर्डही स्वीकारते. पहिली तारीख `touch` ने हवी तशी मागे नेता येते. दुसरी कर्नल स्वतः लिहितो, ती बदलायला जास्त खटपट लागते, म्हणून अनेकदा तशीच राहून जाते. ते पासवर्ड जिथे जिथे वापरले आहेत तिथे सर्वत्र बदला. `/var` वेगळे काढलेत, पण `var/spool/cron` डोळ्यांनी वाचा, तसेच प्रत्येकाची `authorized_keys` सुद्धा. तुमच्या स्वतःच्या ११ बदलांच्या फायलीही ओळीओळीने ताडा, एखादी ओळ तुमची नसेल.

सायन_सर्कल · सकाळी ८.४४

फक्त ती फाइल मूळ पॅकेजमधून परत टाका, दुसरी पुसा, सोमवारी यंत्र सुरू. एवढ्यासाठी सगळे नव्याने बसवायची गरज नाही.

ठाणे_पूर्व · सकाळी ९.०२

अजिबात नको. सापडलेली फाइल म्हणजे सापडलेली फाइल, इतर काही नव्हते असा तिचा अर्थ होत नाही. घुसखोर आत कुठून आला हे हॅशने कळलेलेच नाही. नव्या डिस्कवर इमेज उतरवा, अद्यतने करा, मग फक्त डेटा आणा. लॅमिंग्टन रोडवर एसएसडी तुमच्या खर्चात बसेल, पण रविवारी बरीच दुकाने बंद असतात, आधी फोन करा.

गोदी_नाका · सकाळी ९.१५

सहमत. शिवाय हॅशचा आधार इमेजमध्ये जे होते तेवढ्यापुरताच असतो. इमेजनंतर काय काय बसवले होते?

मशीदबंदर_कारकून · सकाळी ९.३८

क्लिअरिंगचे सॉफ्टवेअर. ते `/opt` मध्ये आहे, इमेजनंतर विक्रेत्याच्या माणसाने येऊन बसवले. ३७ मध्ये मी ते धरलेच नव्हते, कारण ताडायला समोर काहीच नाही.

गोदी_नाका · सकाळी ९.४४

मग तोच भाग सर्वात संशयास्पद धरावा. विक्रेत्याकडून मूळ संच मागवा आणि त्याच्याशी ताडा. तोवर जुने `/opt` नव्या यंत्रावर आणू नका.

ठाणे_पूर्व · सकाळी ९.५०

हेच म्हणतो. `/opt` आणू नका.

नियमावली_वाचक · सकाळी १०.०५

मूळ डिस्क सीलबंद करून त्यावर तारीख आणि सही घाला. आणि `/opt` आणू नका.

मशीदबंदर_कारकून · रात्री १०.२५

एसएसडी ओळखीच्या दुकानदाराने घरून उघडून दिली. इमेज उतरवली, अद्यतने केली, पासवर्ड सगळे बदलले, पासवर्डने होणारे एसएसएच लॉगिन बंद केले. मूळ डिस्क पाकिटात सीलबंद आहे.

`/opt` मात्र जुनेच आणले आहे. विक्रेत्याचा फोन दिवसभर लागला नाही, परवाना त्या यंत्राला बांधलेला आहे, आणि उद्या सकाळी दोन कंटेनरचे काम अडले तर विलंबशुल्क आमच्याच माथी येईल. त्या सॉफ्टवेअरला विशेषाधिकार नसलेला वेगळा वापरकर्ता दिला आहे आणि फायरवॉलमधून त्याला फक्त लागणारे दोन पत्ते उघडे ठेवले आहेत. `/opt` मधील प्रत्येक फाइलचा आजचा हॅश काढून यादी छापली आहे, संच आला की ताडेन.

गोदी_नाका · रात्री १०.४०

ती यादी चांगल्या स्थितीची नाही, आजच्या स्थितीची आहे, एवढे कागदावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ती वाचली तर गैरसमज होईल.

मशीदबंदर_कारकून · रात्री १०.४३

लिहिले. लाल शाईने.

विक्रोळीकर · रात्री ११.१०

विक्रेत्याचा संच आला नाही तर आमच्या प्रणालीची माहिती पाठवू का?