भोकांची मोठी चकती: मोदकपात्राची की सोऱ्याची?

माजघर: कोल्हापुरातल्या जुन्या घरातल्या भांड्यांचा फोटो टाकलाय. झाकणाचं उभं पितळी पातेलं, दोन कानांचा नळा, त्यात जाणारा दट्ट्या, भोकांच्या तीन चकत्या आणि दात्यांचं एक लोखंडी पातं. मोठी चकती सोऱ्याची की मोदकपात्राची? चिठ्ठ्या लिहून लावायच्यात.

भाजणी: भोकं बघायची. बारीक असली तर सोऱ्याची, काडी जाईल एवढी असली तर उकडायची. ही मोठ्या भोकांची आहे, म्हणजे मोदकपात्राची. विषय संपला.

पितळी डबा: उत्तर बरोबर आलंय, पण कसोटी चुकीची. जाड शेवेच्या चकतीलाही मोठी भोकं असतात आणि चकलीच्या चकतीला तर मधोमध एकच चांदणी. भोकांपेक्षा कडा आणि जाडी बघा. सोऱ्याच्या चकतीवर पिठाचा सगळा दाब येतो, म्हणून ती जाड असते. नळ्याच्या तळाशी आतून आलेल्या काठावर ती चपखल बसते, फट राहिली तर पीठ बाजूनं निसटतं. उकडायची चकती पातळ पत्र्याची, भोकं विरळ, आणि तिला खाली पाय किंवा दुमडलेली कड असते.

या फोटोत मोठी चकती नळ्याच्या तोंडाच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसते, म्हणजे नळ्यात ती जाणारच नाही. मात्र ती पुढं ठेवलीय, आणि पुढची वस्तू फोटोत मोठी दिसते. दोन्ही शेजारी ठेवून, मध्ये काड्यापेटी ठेवून, वरून एक फोटो काढा.

आणि पातेल्याच्या आत बघा. तळापासून दोन-तीन बोटं वर पांढरट रेघ असेल तर ती पाण्याच्या क्षारांची. चकती तिच्या वर बसत असेल तर जोडी पक्की. आत कल्हई दिसली तर तोही पुरावा, कारण सोऱ्याला कोणी कल्हई लावत नाही.

उकड: जोडी मान्य, पण चिठ्ठीवर 'मोदकपात्र' लिहिणं मला पटत नाही. आपल्याकडं मोदक बहुतेक घरांत तळायचे. हे पातेलं निघायचं ते नागपंचमीला, पुरणाच्या दिंडांसाठी. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून उकडायचं. चिठ्ठीवर 'दिंडं उकडायचं पातेलं आणि चाळण' लिहा.

भाजणी: काकू, उद्या पुण्याचा पाहुणा आला तर त्याला काय कळणार? बाजारात मोदकपात्रच म्हणतात.

उकड: पाहुण्याला विचारायला तोंड आहे की. एकदा 'मोदकपात्र' लिहिलं की दिंडांचं काम पुसलं गेलं. चाळण बसवायचीही रीत आहे, ती मोदकाला असो की दिंडाला, एकच. पाणी चाळणीच्या दोन बोटं खाली राहिलं पाहिजे. उकळी चाळणीला लागली तर दिंडांची बूड चिकट होते आणि उचलताना फाटतात. पाणी कमी घातलं तर मधेच आटतं, आणि पातेल्याला करपट वास येतो.

मालवणकर: आमच्याकडं शिरवाळे करायच्या यंत्राला शेवगा म्हणतात. तुमचा नळा म्हणजे शेवगाच की.

पितळी डबा: काम एकाच जातीचं, पण वस्तू वेगळी. शिरवाळ्यांची उकड गरम आणि घट्ट असते, म्हणून शेवगा लाकडी, पायावर उभा आणि वरून जोर देता येईल असा. फोटोतला हातात धरून दाबायचा आहे, दोन कान त्यासाठीच. इथं सोऱ्या लिहा.

कानस: माझ्या विळीचं खोबरं हल्ली तुकड्यांत पडतं आणि बरोबर करवंटीलगतची तपकिरी साल येते. दाते घासून मिळतील का?

पितळी डबा: तीनधारी कानस घ्या आणि दात्यांमधल्या खाचा घासा, टोकं नाही. टोकं घासली की दाते आखूड होतात. बोथट दाता कापत नाही, नुसता रेटतो, मग हात जास्त जोर लावतो आणि करवंटीपर्यंत जातो.

माजघर, तुमचं पातंही तेच आहे. टोकाला वाटोळं, किंचित वर वळलेलं आणि दुसऱ्या टोकाला रिव्हेटचं भोक. ती विळीवरून सुटलेली खवणी. पाट सापडला तर त्यावर जुनं भोक जुळतंय का बघा.

माजघर: पातेल्यात पांढरी रेघ आहे, चाळण तिच्या वर बसते. खवणीही पाटाला जुळली. चिठ्ठी काकूंच्या शब्दांत लिहिली. पण मधली चकती नळ्यात जाते आणि खाली लागत नाही, चारी बाजूंनी फट राहते.

पितळी डबा: मग ती या सोऱ्याची नाही. दुसऱ्या लहान सोऱ्याची असू शकते किंवा पुरणयंत्राची जाळी. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, पुरणयंत्राची असेल तर एका बाजूला पात्याच्या गोल गोल घासल्याच्या खुणा दिसतील.

भाजणी: मला ती शेवेचीच वाटते.