द्राक्ष सोड्याच्या कॅनचं होर्डिंग मॉकअप : प्रॉम्प्टमध्ये सगळं कोंबायचं की होर्डिंग कोरं ठेवायचं?

निफाडकर
मी आणि मेव्हणा मिळून द्राक्ष सोडा काढतोय, 250 मिलीचा बारीक कॅन, नाव 'द्राक्षी'. डिस्ट्रिब्युटरला दाखवायला संध्याकाळच्या शहरात होर्डिंग लागलंय असं एक चित्र पाहिजे. मिडजर्नीत खालचा प्रॉम्प्ट टाकला तर कॅन इमारतीएवढा होऊन रस्त्यात उभा राहतो आणि नावाच्या जागी काहीतरी भलतंच लिहिलेलं येतं. प्रॉम्प्ट चुकतोय का टूल?

```
ultra realistic 8k billboard mockup of grape soda can,
Nashik city evening, neon lights, traffic, water splash,
text "द्राक्षी", masterpiece
```

कॉलेजरोड क्रिएटर
टूल ठीकै भाऊ, प्रॉम्प्ट आखूड पडलाय. कॅमेऱ्याचं नाव टाक, लेन्स टाक, 85 एमएम वगैरे, आणि नाव अवतरणात लिहिलंयस ते बरोबरच आहे, ते आणखी पुढे घे. नवीन मॉडेलं अक्षरं मस्त काढतात, मी एका कॅफेचा बोर्ड केला होता, पहिल्याच झटक्यात नाव बरोबर आलं. चाळीस-पन्नास इमेजेस मार, एक तरी लागतेच.

फ्लेक्स आणि शूट
कॅफेचं नाव इंग्रजीत असणार. रोमन लिपीतला छोटा शब्द आजकाल नीट येतो हे मान्य, पण 'द्राक्षी'मध्ये दोन जोडाक्षरं आहेत आणि वर दीर्घ वेलांटी. मॉडेल अक्षर वाचत नाही, आकार आठवून काढतं, त्यामुळे द्रा आणि क्षी जवळ आले की एकतर क्षचा पाय गळतो नाहीतर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. पन्नासातून एक चांगलं निघेलही, पण त्या एकात फॉन्ट तुमच्या लेबलचा नसेल, मग त्याचा उपयोग काय?

आता कॅन रस्त्यात का उभा राहतो ते. तुमच्या ओळीत मुख्य वस्तू कॅन आहे, होर्डिंग नुसतं त्याला चिकटलेलं विशेषण. मॉडेल कॅनला हिरो करतं, आणि बाकीचं शहर त्याच्या मागे लावतं. त्यात पाण्याचे शिंतोडे मागितलेत, ते कॅनवर नाहीत तर रस्त्यावरच उडणार. आधी ठरवा, तुम्हाला शहरातलं होर्डिंग दाखवायचंय, का कॅनचाच होर्डिंगसारखा मोठा ठसठशीत फोटो पाहिजे? ही दोन वेगळी चित्रं आहेत.

पहिलं पाहिजे असेल तर माझं मत सरळ आहे, प्रॉम्प्टमध्ये कॅनचं नावच घ्यायचं नाही. नुसतं कोरं होर्डिंग मागा:

```
street photo, Indian city just after sunset, deep blue sky,
one large blank white hoarding on a steel frame, seen straight on,
lit by lamps on arms above it, flyover behind, few scooters
--ar 3:2 --no text, letters, logo
```

आणि मग तुमचं खरं डिझाइन फोटोशॉपमध्ये त्या कोऱ्या जागेवर बसवा.

कॉलेजरोड क्रिएटर
म्हणजे अर्धं काम हातानेच. मग एआयचा काय फायदा? आणि ते 8k काढून टाकलं, क्वालिटी जाईल ना.

फ्लेक्स आणि शूट
8k लिहिल्याने एक पिक्सेलही वाढत नाही. इमेज जेवढ्या मापाची निघते तेवढीच निघते, तो शब्द फार तर जरा चकचकीत लूक आणतो, आणि तुम्हाला नेमका तोच नकोय कारण खरा रस्ता चकचकीत नसतो.

अंबडचा माणूस
होर्डिंगची परवानगी महापालिकेकडून आधी घ्यावी लागते हे लक्षात ठेवा, आणि सिंहस्थ जवळ आलाय, मोक्याच्या जागांचे भाडे बघून डोळे फिरतील. घाटकोपरला 2024 च्या मे महिन्यात होर्डिंग कोसळून काय झालं ते आठवतंय ना? 20 बाय 10 फुटाचं घ्या, सुरुवातीला पुरे. फाइल मात्र 300 डीपीआयला करा.

निफाडकर
काका होर्डिंग लावायचं नाहीये, फक्त चित्र पाहिजे.

फ्लेक्स आणि शूट
आणि लावायचं असतं तरी 300 ला कोणी करत नाही. 20 फूट म्हणजे 240 इंच, म्हणजे नुसत्या रुंदीला 72,000 पिक्सेल, फाइल उघडता उघडता चहा होईल. लांबून बघायच्या फ्लेक्सला इतकी बारीक छपाई लागतच नाही.

सातपूरची मसालेवाली
माझं सांगते. गेल्या वर्षी मसाल्याच्या पाकिटाचं असंच एकाकडून करून घेतलं होतं, रात्रीचा बाजार, पिवळे दिवे, फोटो बघून घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पण दुकानदाराने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला ताई हा रंग तो नाहीच. चित्रातला लाल वेगळा, छापलेला वेगळा. त्याने त्या दिवशी माल घेतला नाही. म्हणून म्हणते चित्र कसंही काढा पण रंग आधी छापणाऱ्याला विचारा.

फ्लेक्स आणि शूट
ताईंचा मुद्दा कॅनला तर दुप्पट लागू. अॅल्युमिनियमवर खाली पांढऱ्या शाईचा थर न देता जांभळा छापला तर धातू आतून चमकतो, द्राक्षाचा जांभळा चंदेरी झाक मारतो. थर दिला तर तोच रंग घट्ट, सपाट दिसतो. एआयवाला कॅन यातला कुठलाच नसतो, तो त्याच्या मनाचा जांभळा काढतो. निफाडकर, तुमचं कोणतं ठरलंय?

निफाडकर
थर न देता, कारण चमक आवडली. पण कॅन अजून हातात नाही, लेबलची सपाट फाइल आहे फक्त.

फ्लेक्स आणि शूट
मग त्या फाइलवरूनच कॅन तयार करा, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅनच्या आकारावर लेबल गुंडाळा आणि मटेरियल धातूचं ठेवा. करताना एक गोष्ट बघा. बारीक 250 मिलीचा कॅन साधारण 53 मिमी व्यासाचा असतो, म्हणजे घेर 166 मिमीच्या आसपास. समोरून अर्धा घेर, 83 मिमी दिसतो असं वाटतं, पण तो 53 मिमीच्या रुंदीत मावतोय. मधला तिसरा भाग, म्हणजे घेरातले 55 मिमी, त्याला दिसण्यातले जवळपास 46 मिमी मिळतात. उरलेले दोन्ही कडांचे 14-14 मिमी साडेतीन-साडेतीन मिमीत आवळून जातात. तुमचं नाव 55 मिमीच्या आत बसलंय का ते मोजा. 'द्राक्षी'चा 'द्रा' कडेला गेला तर होर्डिंगवरच काय, फ्रिजमध्येही लोक 'क्षी' वाचतील.

निफाडकर
मोजलं. नाव 71 मिमी रुंद आहे!! डिझायनरने सपाट फाइलवर छान दिसतंय म्हणून मोठं केलं होतं. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

फ्लेक्स आणि शूट
बघा, मॉकअपने निदान छपाईचा खर्च वाचवला. उभं लिहायचं असेल तर तोही रस्ता आहे, पण मराठी उभं वाचायला लोक मान वाकडी करत नाहीत.

गोदाकाठचा फोटोवाला
मी सगळं वाचलं आणि मला कळत नाहीये की नाशिकमध्ये राहून नाशिकचा रस्ता एआयकडे का मागायचा. प्रॉम्प्टमध्ये Nashik लिहिलंत तर ते घाट आणि मंदिरं काढेल, नाहीतर कुठल्याही शहराचं काहीतरी देईल, आपलं द्वारका ते मुंबई नाका उड्डाणपुलाखालचं दृश्य त्याला माहीतच नाही. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी फोन घेऊन जा, आकाश निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, एका फोटोत काम. समोर जे होर्डिंग असेल त्यावरची जाहिरात झाकून तुमची बसवा.

कॉलेजरोड क्रिएटर
दुसऱ्याच्या होर्डिंगचा फोटो घेऊन त्यावर आपला सोडा, म्हणजे ती जागा आपण घेतलीच आहे असं दाखवणं झालं. डिस्ट्रिब्युटर उद्या तिथून गाडी घेऊन गेला तर? एआयच्या नसलेल्या रस्त्यात निदान खोटं कुणाच्या नावावर नाही.

गोदाकाठचा फोटोवाला
अरे वा, म्हणजे नसलेल्या रस्त्यावर नसलेलं होर्डिंग दाखवणं खरं आणि माझं खोटं? खाली 'फक्त डिझाइन' लिहायचं, विषय संपला.

कॉलेजरोड क्रिएटर
लिहिणारे कितीजण असतात सांग. इन्स्टावर टाकताना ती ओळ कापली जाते.

फ्लेक्स आणि शूट
दोघांचं थोडं थोडं बरोबर, पण मी कामाचं बोलतो. फोटो खरा असो वा एआयचा, बसवताना उजेड चुकला की लगेच पकडलं जातं. होर्डिंगवरचा कॅन छापलेला असतो, म्हणजे त्याचा उजेड स्टुडिओतला. रस्त्याच्या दिव्यांचा परिणाम कॅनवर नाही, संपूर्ण फ्लेक्सवर पडतो. प्रॉम्प्टमध्ये सगळं एकत्र मागितलं की मॉडेल हे दोन उजेड घुसळतं, कॅनच्या धातूत नियॉन चमकतं आणि होर्डिंगचा पत्रा मात्र निर्जीव. म्हणूनही मी वेगळं करा म्हणतो.

वरून दिवे असतील तर फ्लेक्स वर उजळ, खाली मंद, आणि दिव्यांखाली दोन-तीन उजळ डाग. कोऱ्या होर्डिंगवर ही सावली आधीच असते, म्हणून डिझाइन वर ठेवताना लेयर 'मल्टिप्लाय' करा, ती सावली आपोआप येते. शुद्ध पांढरा ठेवू नका, पिवळ्या दिव्याखाली पांढरा पिवळसरच दिसतो. आकाशापेक्षा फ्लेक्स उजळ, पण दिव्यापेक्षा मंद, एवढं झालं की डोळा मान्य करतो.

निफाडकर
आणि तो हिरवा ठिपका, शाकाहारी खूण, मॉडेल काढेल का?

फ्लेक्स आणि शूट
चौकोनातला हिरवा गोल तुमच्या फाइलमध्ये आहेच, तो लेबलसोबत येईल. मॉडेलकडून काढून घेतलात तर कधी लाल करतं, कधी चौकोन गोल, आणि ते बघून डिस्ट्रिब्युटरच तुम्हाला विचारेल हे काय. कॅनच्या मागच्या बाजूला असेल तर समोरच्या चित्रात तो दिसणारच नाही, हे पण पाहा.

कॉलेजरोड क्रिएटर
तरी मी म्हणतो, पहिल्या मीटिंगला मूड पुरे असतो. सगळ्यांना इतका वेळ नसतो. पाच मिनिटांत पाच रस्ते, पाच आकाशं, त्यातलं एक आवडलं की मग करा बाकीचं.

फ्लेक्स आणि शूट
त्यासाठी वापरा की, नाही कुठे म्हणतोय. रस्ता आणि आकाश त्यालाच काढू दे. एक मात्र, `--ar 2:1` टाकलंत तर होर्डिंग 2:1 होत नाही, संपूर्ण फोटोच लांबट होतो. होर्डिंगचं माप मॉडेल पाळत नाही, ते कोपरे ओढूनच जुळवावं लागतं.

सातपूरची मसालेवाली
निफाडकर, नाव 71 चं 55 मध्ये आणल्यावर लेबल एकदा कागदावर प्रिंट करून घरातल्या कुठल्याही बारीक कॅनला गुंडाळा. मगच दुसरं काही.

निफाडकर
गुंडाळतो ताई. डिझायनरला आत्ता फोन केला, तो म्हणतो सगळं बदलायला दोन दिवस लागतील आणि वेगळे पैसे. मेव्हणा म्हणतो नावच लहान ठेवूया, नुसतं 'द्राक्ष'.

गोदाकाठचा फोटोवाला
मग एक वेलांटी वाचली, मॉडेललाही बरं. पण फोन घेऊन ये संध्याकाळी मुंबई नाक्याला, मी असतो तिथे.

कॉलेजरोड क्रिएटर
मी माझे पाच रस्ते करून इथे टाकतो, मग ठरवा कुणाचा बरा.