मदत हवी आहे: ड्युटी चार्टमध्ये दुहेरी ड्युटी आणि राहून गेलेली सुट्टी लाल कशी करायची?

वॉर्डवाली_ताई
आमच्या छोट्या रुग्णालयात सिस्टरांचा महिन्याचा ड्युटी चार्ट मी एक्सेलमध्ये करते. A रकान्यात तारीख. B, C, D म्हणजे वॉर्ड सकाळ, दुपार, रात्र. E, F, G म्हणजे कॅज्युअल्टी सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक चौकटीत सिस्टरचं नाव. 1 तारीख दुसऱ्या ओळीत आहे.

मागच्या महिन्यात 12 तारखेला रेखाचं नाव वॉर्ड सकाळ आणि कॅज्युअल्टी सकाळ, दोन्हीकडे पडलं. सकाळी आठला कॅज्युअल्टी रिकामी. शिवाय एक सिस्टर नऊ दिवस सलग आली, ते तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. फार वाईट वाटलं. म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे लिहिलं:

```
=COUNTIF($B$2:$G$2,B2)>1
```

पण 1 तारखेला जिची ठरवून डबल ड्युटी होती, ती महिनाभर लाल दिसते, आणि 12 तारखेची रेखा पांढरीच. काय चुकतंय?

ठाण्याचा_सुपरवायझर
सोपं आहे. आमच्या वॉचमनच्या चार्टमध्ये सुट्टीला WO लिहितो. सलग सात चौकटींत एकही WO नसेल तर रंग:

```
=COUNTIF(B3:H3,"WO")=0
```

वॉर्डवाली_ताई
दादा, तुमच्याकडे नावं उभी आणि तारखा आडव्या असणार. माझ्याकडे सुट्टी कुठे लिहिलेलीच नसते. नाव नाही म्हणजे सुट्टी.

आकडेमोड
ताई, 2 च्या आधीचं $ काढा. त्याने ओळ खिळून बसते, म्हणून प्रत्येक तारीख 1 तारखेशीच ताडली जाते. रकान्याचं $ मात्र हवंच. आणि सलग सात दिवसांसाठी सातव्या तारखेपासून, म्हणजे B8 पासून, हे लावा:

```
=AND(B8<>"",COUNTIF($B2:$G8,B8)>=7)
```

जुना_हिशेबनीस
$ चं निदान बरोबर. दुसरा नियम मात्र नावं मोजतो, दिवस मोजत नाही. ताईंकडे ठरवून डबल ड्युटी होते. एखादी सिस्टर सहा दिवस आली आणि त्यातल्या एका दिवशी डबल केली, तर मोजणी सात होईल आणि सुट्टी मिळूनही ती लाल दिसेल. असं दोन-तीनदा झालं की लाल रंगाकडे कुणी बघत नाही.

ताई, आधी दुसऱ्या ओळीच्या वर सहा ओळी घाला आणि तिथे मागच्या महिन्याचे शेवटचे सहा दिवस चिकटवा. नाहीतर 28 पासून 3 पर्यंत सलग आलेली सिस्टर सापडणारच नाही. आता 1 तारीख आठव्या ओळीत आली. जुने नियम पुसा, B8 पासून G38 पर्यंत निवडा. निवड B8 पासूनच सुरू करा, नाहीतर रंग एक घर सरकून पडतो. दुहेरी ड्युटीला:

```
=AND(B8<>"",COUNTIF($B8:$G8,B8)>1)
```

सलग सात दिवसांना वेगळा रंग:

```
=AND(B8<>"",SUMPRODUCT(--(($B2:$B8=B8)+($C2:$C8=B8)+($D2:$D8=B8)+($E2:$E8=B8)+($F2:$F8=B8)+($G2:$G8=B8)>0))>=7)
```

एका दिवसात नाव कितीदाही असो, तो एकच दिवस धरला जातो.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण खरी दुहेरी ड्युटी तिथेच लपते. रात्रपाळी सकाळी आठला सुटते आणि तीच सिस्टर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपाळीत असते. ओळी दोन, म्हणून पहिला नियम गप्प. हा नियम फक्त B8:B38 आणि E8:E38 ला लावा:

```
=AND(B8<>"",OR(B8=$D7,B8=$G7))
```

लेस्टरकर
मी इथे केअर होमचा रोटा बघतो. इंग्लंडमध्ये 1998 च्या नियमांनुसार आठवड्यात सलग 24 तास विश्रांती, किंवा ती 14 दिवसांत 48 तास अशी एकत्र देता येते. म्हणून आमच्याकडे सात दिवस भरले की पिवळा रंग लावतो, लाल नाही. दोन पाळ्यांमध्ये 11 तासही लागतात, त्यामुळे तो तिसरा नियम आमच्याही कामाचा आहे.

वॉर्डवाली_ताई
लावून पाहिलं. नऊ दिवसवाली सातव्या दिवशीच रंगली! 12 तारखेची रेखा मात्र अजून पांढरी.

जुना_हिशेबनीस
एका ठिकाणी नावापुढे स्पेस पडली असेल. रिकाम्या चौकटीत =LEN(B19) आणि =LEN(E19) करून बघा. आकडे वेगळे आले तर तेच. नावं टाइप करू नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा. आणि पाळ्या बदलताना चौकट ओढून हलवू नका. नियमांचे तुकडे होतात आणि काही चौकटी नियमाबाहेर राहतात.

वॉर्डवाली_ताई
हो, 4 आणि 5! यादी लावते.

एक अडलंय. शनिवारची रात्र करून सिस्टर रविवारी सकाळी आठला घरी जाते आणि सोमवारी सकाळी परत येते. चार्टमध्ये रविवार रिकामा, म्हणून सुट्टी धरली जाते. पण तो दिवस तिचा झोपण्यात जातो. आमच्याकडे तो नाइट ऑफ, वीकली ऑफ वेगळा. हे पत्रकाला कसं सांगायचं?

आकडेमोड
आदल्या रात्री नाव असेल तर तो दिवस कामाचाच धरावा लागेल. D आणि G एक ओळ वर सरकवून, म्हणजे $D1:$D7 आणि $G1:$G7, त्याच बेरजेत मिळवून बघा.

जुना_हिशेबनीस
कल्पना पटते, पण मग वर सहाऐवजी सात ओळी लागतील आणि सगळे नियम B9 पासून लिहावे लागतील. शिवाय महिनाभर सलग रात्र करणाऱ्या सिस्टरला काय दिसेल, ते तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. ताई, एका महिन्याचा चार्ट नावं बदलून इथे टाकाल का?