केमो चालू असताना गुळवेल: डॉक्टरांपासून लपवायचं कशाला?

मूळ पोस्ट: "आईला डोसिटॅक्सेलची केमो चालू आहे. रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतो, ताकद टिकते. ऑन्कोलॉजिस्टना सांगितलं की सरळ बंद करा म्हणतात, म्हणून सांगतच नाही. नैसर्गिकच तर आहे!"

मेधा: हे वाचून गप्प बसवलं नाही. डोसिटॅक्सेल यकृतातच मोडतं. म्हणून दर तीन आठवड्यांनी सलाइन लावण्याआधी बिलिरुबिन, एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज या यकृताच्या तपासण्या पाहतात. बिलिरुबिन नॉर्मलच्या वर असेल तर हे औषध देत नाहीत, कारण ते रक्तात साचून राहतं, पांढऱ्या पेशी आणखी खाली जातात आणि तोंड सोलवटतं. आता गुळवेलही यकृताला बाधू शकते. समजा एसजीपीटी १९० आला, म्हणजे बराच वाढलेला. काढ्याचं माहीत नसेल तर डॉक्टर दोष केमोला देणार. सायकल पुढे ढकलतील, डोस कमी करतील, नाहीतर औषधच बदलतील. काढा मात्र घरी चालूच, म्हणजे पुढचा रिपोर्टही तसाच!

सुहास: गुळवेल यकृताला बाधते हा अपप्रचार आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या ६ रुग्णांवरून गाजावाजा झाला, तेव्हा आयुष मंत्रालयाने सांगितलं होतं की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा तशीच दिसते आणि त्रास तिने होतो.

मेधा: तो आक्षेप रास्त होता. पण २०२२ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या, १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची माहिती आली, तिचं काय? आणि शेजाऱ्याच्या कुंपणावरून तोडलेला वेल कोणता, हे तुम्ही तरी कसं ओळखणार?

सुहास: म्हणूनच वैद्याकडून घ्यावी. कुंपणावरची तोडून आणणाऱ्यांमुळे शास्त्र बदनाम होतं, हे मी कधीपासून ओरडतोय!

मेधा: वैद्याकडून घ्या, पण वैद्यालाही केमोचा कागद दाखवा. गोळीत त्रिकटू असेल तर मिरी-पिंपळीतलं पायपरीन, डोसिटॅक्सेल मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवू शकतं.

निशा: म्हणजे भाजीतली हळद-मिरीसुद्धा बंद? आमच्याकडे तर रोज फोडणी असते.

मेधा: नाही हो. फोडणीबद्दल कुणीच बोलत नाहीये. प्रश्न हळदीच्या कॅप्सूलचा आहे. त्यात हळदीतलं कर्क्युमिन एकवटलेलं असतं आणि बऱ्याचदा पायपरीन मुद्दाम घातलेलं असतं.

सुहास: बरं, सांगावं हे मान्य. पण डॉक्टर न ऐकताच झिडकारतात, म्हणून लोक लपवतात. त्यावरही बोला की!

मेधा: तेही खरंच आहे, झिडकारायला नको. तरी "काहीतरी आयुर्वेदिक घेते" एवढ्यावर त्यांनाही काही ठरवता येत नाही. डबी न्या, लेबलाचा फोटो काढा, किती आणि कधीपासून ते लिहा. काढा असेल तर वेलीचा तुकडाच पिशवीत घालून न्या. हे पुढच्या सायकलच्या रक्ततपासणीआधी करा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर तेवढंही थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

सुहास: वेलीचा तुकडा न्यावा, हे पटलं. गुळवेलीबद्दलचं अजून पटलेलं नाही.