बढतीसाठी वरच्या पदाचं काम आधीच मागून घ्यावं का?

कातरवेळ: बरीच वर्षं एकाच कंपनीत सीनियर डेव्हलपर आहे. लीड व्हायचंय. मॅनेजर म्हणतात, "आधी लीडचं काम करून दाखव, मग बघू." मोठी जबाबदारी मागून घेऊ, की हे फुकट राबणं होईल?

वाटसरू: अजिबात मागू नका. काम आज आणि पद कधीतरी, हा सौदा कंपनीच्याच सोयीचा. बाहेर बघा. आतली वाढ जुन्या पगाराच्या टक्क्यांत मोजतात, बाहेर आकडा नव्याने ठरतो.

निशिगंध: पगाराचं बरोबर आहे. पण ज्याने लीडचं काम केलेलं नाही त्याला थेट लीड म्हणून घ्यायला नवी कंपनीही कचरते. म्हणून काम मागाच, पण अटी ठरवून. बढत्या ठरतात त्या मीटिंगमध्ये मी बसते. तिथे बाकीचे मॅनेजर विचारतात, "यांनी स्वतः कोणता निर्णय घेतला?" किती तास राबले, हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडे एकीने बिलिंगच्या रिलीजची जबाबदारी मागितली. रोजची सपोर्ट तिकिटं दुसऱ्याकडे जातील, रिलीज थांबवायचा अधिकार तिचा असेल आणि तिमाही संपली की मॅनेजर तिचं काम लीडच्या निकषांशी ताडून बघतील, हे तिने आधीच ईमेलवर ठरवून घेतलं. शेवटच्या चाचणीत जुन्या ग्राहकांची बिलं दुप्पट निघाली. तिने रिलीज पुढे ढकललं आणि सेल्सच्या मॅनेजरांना स्वतः जाऊन कारण सांगितलं. ते तेव्हा चिडले होते, पण मीटिंगमध्ये तिच्या बाजूने सगळ्यात आधी तेच बोलले.

पाऊलवाट: आमची लीड रजेवर असताना मी तिचं सगळं सांभाळलं. ती परतली आणि मी पुन्हा तिकिटांवर. अप्रेझलमध्ये एकच ओळ, "सहकार्य चांगलं". त्यामुळे मला वाटसरूंचंच पटतं.

निशिगंध: तुमच्यावर अन्यायच झाला. पण ती जागा तिची होती, तुमच्यासाठी रिकामी होणारच नव्हती. म्हणून आधी विचारायचं, "पुढच्या फेरीत लीडची जागा आहे का, आणि ती कोण मंजूर करतं?" बजेट बरंच आधी ठरतं, ऐन अप्रेझलमध्ये विचारून उपयोग नसतो. "अजून थोडी तयारी हवी" असं म्हणाले, तर नेमका कोणता निकष कमी पडतोय ते विचारा. दर फेरीला उत्तर वेगळं यायला लागलं, तर मात्र बाहेर बघा.

वाटसरू: म्हणजे ते कळेपर्यंत दोन फेऱ्या गेल्या. तोवर मुलाखती द्यायला काय हरकत आहे?

निशिगंध: काहीच नाही. फक्त हातातली ऑफर दाखवून बढती मागू नका. पगार वाढतो, पण पुढच्या मोठ्या कामाला तुमचं नाव घेताना मॅनेजर बिचकतात.

वाटसरू: हे नाही पटलं. माझ्या ओळखीत ऑफर दाखवूनच लीड झालेले आहेत आणि आजही टिकून आहेत.

कातरवेळ: आज मॅनेजरांना जागेचं विचारलं. टीमचे दोन भाग झाले तरच दुसरा लीड लागेल, आणि ते त्यांच्या वरिष्ठांच्या हातात आहे म्हणाले. मग काम मागू की थांबू?

निशिगंध: कोणतं काम वाढल्यामुळे टीमचे भाग करावे लागतील, ते काढा आणि तेच मागा. मागताना वरिष्ठही समोर असू द्या.