डब्याचा दर वाढवायचाय, गिऱ्हाइकांना कसं सांगू?

डबेवाली_कोथरूड
रोज 140 घरगुती डबे देते. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, 85 रुपये. दोन वर्षं हाच दर आहे. 1 जुलैपासून 95 करायचाय. बऱ्याच जणांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरलेत. निम्मी नोकरीतली आणि कॉलेजची मुलं, बाकीची घरं आजी-आजोबांची. ग्रुपवर टाकू की एकेकाला सांगू? आणि लिहू काय?

तुळशीबाग_जुना
कुणाला काही सांगूच नका. दर 85च ठेवा, चारच्या तीन पोळ्या करा. मुलं तशीही एक पोळी टाकतात. सांगितलं की वाद, न सांगितलं की शांतता.

पर्वती_पायथा
मी डबा घेणारा, म्हणून बोलतो. आमच्या आधीच्या मेसने हेच केलं, फक्त जास्त हुशारीने. पोळ्या चारच, पण तळहाताएवढ्या. मी तीन आठवडे काही बोललो नाही. मग रूममेटने जुन्या डब्याचा फोटो काढून दाखवला. दहा रुपये मागितले असते तर मी दिले असते. त्या दिवसापासून आमटी पातळ वाटली तरी संशय यायला लागला. महिना संपला आणि आम्ही चौघंही सुटलो. त्या काकूंना कारण आजही माहीत नसेल.

नियम_वाचा
दर वाढवायच्या आधी 30 दिवसांची लेखी नोटीस कायद्याने बंधनकारक आहे. नाहीतर ग्राहक मंचात खेचतील.

हिशेबनीस_कर्वेरोड
घरगुती डब्याला 30 दिवसांची अशी सक्ती नाही. पण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. 85 च्या हिशेबाने पैसे घेतले असतील तर ते संपेपर्यंत डबा 85 नेच द्यायचा. महिन्याच्या मधे दहा रुपये मागायचे नाहीत. कुणी खाडे केले आणि त्याचे सहा डबे जुलैत शिल्लक राहिले, तर तेही जुन्याच दराने. भांडणं नेमकी या सहा डब्यांवरून होतात.

ताई, निरोप लिहिण्याआधी एक आकडा काढा. सामान, गॅस, पोळ्यांच्या मावशी, पोचवणारा मुलगा, असं धरून एका डब्यामागे खर्च किती?

डबेवाली_कोथरूड
68 च्या आसपास. भाडं वेगळं.

हिशेबनीस_कर्वेरोड
म्हणजे आज एका डब्यामागे 17 सुटतात, 140 चे 2380. दर 95 झाला की 27 सुटतील. 88 डबे राहिले तरी जवळजवळ तेवढेच, 2376. थोडक्यात, 52 गिऱ्हाइकं गेली तरी हातात आजच्याइतकेच पडतील, आणि एवढी जाणार नाहीत. हा आकडा कुणाला दाखवायचा नाही, पण तो माहीत असला की निरोपात गयावया येत नाही. "नाइलाजाने, कृपया समजून घ्या, मनापासून क्षमस्व" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हिलाच खात्री नाही, घासाघीस करून बघू.

दुसरं म्हणजे कारण. एकाच वस्तूवर खापर फोडू नका. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, तेव्हा माझ्या एका फरसाणवाल्या अशिलाने "तेल महागल्यामुळे" अशी पाटी लावली. मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं. पेपर वाचणारे काका कात्रण घेऊन हजर, "आता कमी करा." तुमच्याकडे आजोबा मंडळी आहेत, ती कात्रणं ठेवतात. व्यावसायिक सिलिंडरचंही तसंच, त्याचा दर साधारणपणे दर महिन्याच्या एक तारखेला हलतो. "दोन वर्षांत सामान आणि मजुरी मिळून खर्च वाढला" एवढं पुरे, आणि ते खरंही आहे.

कारण मात्र द्याच. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका गाजलेल्या पाहणीत लोकांना विचारलं होतं: बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानदाराने 15 डॉलरचं फावडं 20 ला विकलं तर चालेल का? 82 टक्के म्हणाले, हा अन्याय आहे. त्याच पाहणीत खर्च वाढला म्हणून किंमत वाढवणं बहुतेकांना मान्य होतं. म्हणून कॉलेजची नवी मुलं आली, मागणी वाढली, असं चुकूनही म्हणू नका.

निरोप असा:

"नमस्कार. 1 जुलैपासून डबा 85 ऐवजी 95 रुपये होईल. दोन वर्षांत सामान आणि मजुरी वाढली, दर तोच ठेवला होता. पोळ्या चारच राहतील. भरलेले पैसे संपेपर्यंत 85 नेच डबा मिळेल. बंद करायचा असल्यास शिल्लक परत देईन."

महिन्याला 26 डबे धरले तर 260 रुपयांची वाढ आहे. कुणी विचारलं तर तोही आकडा लगेच सांगा, लपवू नका.

क्लासवाला_सदाशिव
एवढं कशाला? जुन्यांना 85 कायम, नव्यांना 95. जुने खूश, नवे अजाण. मी क्लासच्या फीचं असंच केलं.

हिशेबनीस_कर्वेरोड
क्लासची बॅच वर्षाने संपते, डबा संपत नाही. एकाच मजल्यावर दोन दर झाले की महिन्याभरात बोभाटा. सवलत द्यायचीच असेल तर तारीख घालून द्या: एक वर्षाहून जुन्यांना सप्टेंबरअखेर 85.

क्लासवाला_सदाशिव
बोभाटा माझ्याकडेही झाला, हे कबूल. दोन भावांच्या फीत फरक निघाला. पण त्यांची आई म्हणाली, थोरला आधीपासून आहे ना, मग ठीक. लोकांना जुन्याचा मान कळतो हो.

भुकेला_वारजे
आमटीभातासकट 85? वारज्यात देता का? आजपासून 95 द्यायला तयार.

पेठेतली_सून
हिशेबनीसांचा निरोप चांगला आहे, पण तो ग्रुपवरच टाकावा. एकेकाला सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "शेजारच्यांना किती लावला?" सगळ्यांदेखत एकच दर, म्हणजे शंका नको.

हिशेबनीस_कर्वेरोड
इथे माझं मत वेगळं आहे. ग्रुपवर एकाने "फार झालं" लिहिलं की गप्प बसलेले दहा जण अंगठा दाखवतात. एरवी त्यांनी निमूट दिले असते. मुलांना वेगवेगळा मेसेज, मजकूर तोच. आजी-आजोबांना फोन, आणि डब्यात छापील चिठ्ठी, कारण फोनवर ऐकलेली तारीख विसरली जाते.

पेठेतली_सून
140 माणसांना मेसेज आणि फोन करायचे, तर पोळ्या कुणी लाटायच्या?

पर्वती_पायथा
आणखी एक. चिडून बोलणारा बहुतेकदा राहतो. "गावाला चाललोय, पंधरा दिवस बंद ठेवा" म्हणणाऱ्यावर लक्ष ठेवा. आम्ही चौघं असेच "गावाला" गेलो होतो.

डबेवाली_कोथरूड
15 जूनला मुलांना वेगवेगळा मेसेज केला, घरांमध्ये चिठ्ठी दिली, साठ फोन काही झाले नाहीत. जुन्यांना सप्टेंबरअखेर 85 ठेवलंय, ते मला परवडेल असं वाटतं, बघू. आतापर्यंत तिघांनी बंद केला. एका मुलाने विचारलं, पोळ्या तीन घेतल्या तर 85 चालेल का? मी हो म्हणाले, आता आणखी पाच जण तेच मागतायत. "गावाला" दोघं गेलेत, पैकी एक आजी खरंच गेल्यात, किल्ली माझ्याकडेच आहे.

हिशेबनीस_कर्वेरोड
तीन पोळ्यांचा डबा द्यायचा तर त्याचा खर्च आधी काढा. पोचवणाऱ्याचा पगार आणि गॅस पोळीबरोबर कमी होत नाही.

तुळशीबाग_जुना
म्हणजे तीन पोळ्याच ना शेवटी? मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

पर्वती_पायथा
काका, त्याने मागून घेतली तीन. तुम्ही न सांगता काढत होतात.