अनुभव धागा: साठीनंतरच्या लशी. न्यूमोनिया आणि नागीण, तुमच्या घरी कशी आखणी केलीत?

ओवी
बाबा ७२ वर्षांचे, साताऱ्याला असतात. मधुमेह जुना. पूर्वी सिगारेट ओढायचे, त्यामुळे आता दम लागतो, इनहेलर चालू आहे. आई ६४ ची, तिला आमवात आहे आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. फिजिशियननी दोघांनाही न्यूमोनियाची आणि नागिणीची लस घ्या असं सांगितलं, पण ओपीडीत गर्दी इतकी होती की कुठली आधी, किती अंतराने, हे विचारायचं राहिलं. शिवाय बाबांच्या फाईलमध्ये २०१९ च्या एका कागदावर फक्त 'न्यूमो लस दिली' एवढंच आहे. स्टिकर नाही, कंपनीचं नाव नाही, आणि तो दवाखाना आता बंद झालाय.
ज्यांनी आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी या लशी घेतल्या, त्यांनी क्रम, अंतर, नंतर काय त्रास झाला ते सविस्तर लिहा. खर्चाचंही सांगा.

सज्जनगड
मला एकसष्टाव्या वर्षी नागीण झाली. आधी उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. स्नायू आखडला असेल म्हणून बायकोने गरम पिशवीने शेकलं. तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं, पाठीच्या मणक्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत, फक्त उजव्याच बाजूला. शेजारचे म्हणाले, गेरू लावणाऱ्याकडे चला, दोन्ही तोंडं मिळाली तर माणूस वाचत नाही. डॉक्टरांनी समजावलं की कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी लपून बसलेला असतो, तो त्या एकाच तंतूच्या पट्ट्यात उठतो. म्हणून पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, आणि तोंडं मिळण्याचा जिवाशी काही संबंध नाही. व्हॅलासायक्लोव्हिर लगेच सुरू केलं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झालं तर जास्त उपयोग होतो म्हणाले.
फोड सुकले, पण दुखणं वर्षभर राहिलं. बनियनचं कापड घासलं तरी वीज चमकल्यासारखी कळ यायची. प्रीगाबालिनने झोप यायची, कळ पूर्ण जायची नाही. बरं वाटल्यावर लस घेतली.

प्रसन्नवदन
सज्जनगड, एकदा नागीण झाली की शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते ना? मग लस कशाला? न्यूमोनियाची मात्र दर पाच वर्षांनी घ्यावीच लागते. माझे वडील सत्तरीनंतर न चुकता घेतात.

गोदाकाठ
मी नाशिकला फिजिशियन आहे. प्रसन्नवदन, नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून आधी होऊन गेलेल्यांनाही लस देतात. फक्त पुरळ पूर्ण बरं होऊ द्यायचं.
पाच वर्षांचं तुम्ही कुठून ऐकलंत ते कळतं. न्यूमोनियाची जुनी लस आहे ती २३ प्रकारांची, न्यूमोव्हॅक्स. ती कोणी पासष्टीच्या आत घेतली असेल, तर पासष्टीनंतर आणि आधीच्या डोसला किमान पाच वर्षं झाल्यावर एकदा पुन्हा देतात. पासष्टीनंतर घेतली असेल तर सहसा पुन्हा लागत नाही. वडिलांच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा.
दुसरी जात कॉन्जुगेट लशींची. आधी १३ प्रकारांची होती, आता २० प्रकारांचीही आपल्याकडे मिळते. तिची स्मृती शरीरात जास्त पक्की बसते. १३ ची घेतली तर साधारण वर्षाने २३ ची देऊन संरक्षण रुंद करायचं. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने फार कमी झाली आहे, त्यांच्यात हे अंतर आठ आठवड्यांपर्यंत आणता येतं. २० ची एकच घेतली की पुढे २३ ची गरज नाही.
ओवी, तुमच्या बाबांचा कोरा कागद ही अडचण मोठी नाही. कुठली घेतली ते माहीत नसेल तर घेतलेलीच नाही असं धरून पुढे जायचं. २०१९ ला जी काही दिली असेल, तिला वर्षाहून कितीतरी जास्त काळ लोटलाय, त्यामुळे आता २० ची एकदा दिली की काम झालं.
पण ही लस न्यूमोकॉकस या एका जंतूविरुद्ध आहे. त्याचा मेंदूज्वर आणि रक्तातला संसर्ग यांवरही ती चालते, पण फ्लूनंतरचा किंवा दुसऱ्या जंतूचा न्यूमोनिया होऊ शकतोच. म्हणून दरवर्षीची फ्लूची लस सोडू नका. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा ती एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी.

रानजाई
माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, हॉस्टेलवर आहे. त्याला लहानपणी कांजण्या झाल्या नाहीत. त्याला ही नागिणीची लस द्यावी का?

गोदाकाठ
रानजाई, त्याला लागते ती कांजण्यांची लस, ती वेगळी. दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. ती जिवंत विषाणूची असते, म्हणून स्टेरॉइड वगैरे चालू असेल तर आधी सांगा. नागिणीची शिंग्रिक्स ही विषाणूच्या एका प्रथिनापासून केलेली आहे, जिवंत नाही. ती पन्नाशीनंतर, किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अठरानंतर.

औषधवाला
सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. गोष्ट छोटी आहे, पण यातच लस वाया जाते. शिंग्रिक्सच्या पेटीत दोन बाटल्या असतात, एकीत पांढरी भुकटी, दुसरीत पाणेरी द्रव. दोन्ही मिसळूनच इंजेक्शन होतं. साठवण २ ते ८ अंशांत. पुष्कळ लोक दुकानातून लस घेऊन ती थेट बर्फात पुरून डॉक्टरांकडे नेतात. गोठली की ती गेली, आणि वितळल्यावर वरून काहीच कळत नाही. जेल पॅक असेल तर मध्ये कागद किंवा फडकं ठेवा, आणि दुकानातून सरळ दवाखान्यात जा. त्याहून बरं म्हणजे ज्या दवाखान्यात स्वतःचा लशींचा फ्रिज आहे तिथेच घ्या. टोचण्याआधी पेटी उघडताना बघा, तारीख वाचा, आणि बाटलीवरचा स्टिकर स्वतःच्या वहीत चिकटवून घ्या. स्टिकर मिळाला नाही तर निदान बॅच नंबरचा फोटो काढा.

मीठभाकर
नागिणीच्या एका डोसला आमच्या गावाजवळच्या शहरात दहा हजारांवर सांगितले. दोघा नवराबायकोचे चार डोस म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे. द्राक्षाचे पैसे आले तर बघू. सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथे न्यूमोनियाची लस फक्त लहान बाळांना देतात. एकाच लशीचे पैसे असतील तर कुठली घ्यावी?

गोदाकाठ
मीठभाकर, तुमचे आजार मला माहीत नाहीत, पण माझ्या रुग्णांना मी सांगतो ते असं: दमा, सीओपीडी, हृदयविकार, मधुमेह असेल तर आधी फ्लूची आणि न्यूमोनियाची. या दोन्ही मिळूनही नागिणीच्या एका डोसपेक्षा स्वस्त पडतात, आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ जास्त करून श्वासामुळेच येते. नागीण सहसा जीव घेत नाही, पण सज्जनगडांनी लिहिलं तसं दुखणं मागे ठेवू शकते. पैसे जमतील तेव्हा ती घ्या. मात्र पहिला डोस घेण्याआधी दुसऱ्याच्या पैशांची सोय बघा, एकावर पुरेसं संरक्षण मिळत नाही.

टेम्सकाठ
मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथे पासष्टी गाठल्यावर जीपीकडून बोलावणं आलं, आणि नागिणीची व २३ प्रकारांची न्यूमोनियाची अशा दोन्ही लशी फुकट मिळाल्या. गंमत अशी की माझा मोठा भाऊ सप्टेंबर २०२३ च्या आधीच पासष्टी ओलांडून गेला होता, तर त्याला नागिणीसाठी सत्तरीपर्यंत थांबायला लागतंय. आणि मला दुसऱ्या डोससाठी सहा महिने ते वर्ष असं अंतर सांगितलं. भारतात दोन ते सहा महिने म्हणतात. बरोबर कुठलं?

गोदाकाठ
कंपनीच्या पत्रकात दोन ते सहा महिने आहे. तुमच्याकडच्या कार्यक्रमाने धडधाकट लोकांसाठी अंतर वाढवलंय. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं. मुलाकडे परदेशी गेलेल्यांचा दुसरा डोस आठ-नऊ महिन्यांनी झाल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. पुढे चालू ठेवला.

निरंजना
ओवी, तुझ्या आईसारखाच माझाही आमवात. माझे डॉक्टर टोफासिटिनिब सुरू करणार होते. त्या गोळीने नागिणीचा धोका वाढतो, म्हणून त्यांनी आधी लस उरकायला लावली. दोन डोसांत दोन महिन्यांऐवजी एकच महिना ठेवला, कारण गोळी फार लांबवता येत नव्हती. मेथोट्रेक्सेट बंद केलं नाही.
दुसऱ्या डोसनंतर संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, दंड खांद्यापर्यंत सुजला, अंग ठेचून निघालं. पॅरासिटामॉल घेतलं, तिसऱ्या दिवशी उठून स्वयंपाक केला. लग्नघर, प्रवास असेल त्याच्या आदल्या दिवशी ही लस घेऊ नका.

प्रसन्नवदन
वडिलांच्या जुन्या पावत्या काढल्या. पाचही वर्षांची नोंद आहे, पण सगळ्या फ्लूच्या निघाल्या. न्यूमोनियाची एकच, २०२१ ची, तेव्हा ते ७० चे होते. गोदाकाठ, धन्यवाद. मग आता काय?

गोदाकाठ
पावतीवर १३ लिहिलंय की २३ ते बघा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी वर्ष उलटलंय, म्हणजे २० ची एकदा देता येईल. त्यांचं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर टोचणाऱ्याला सांगा. बारीक सुई वापरतात आणि जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरतात.

ओवी
सगळ्यांचे आभार. बाबांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं ते लिहिते. मे मध्ये एकाच दिवशी फ्लूची डाव्या दंडात आणि २० प्रकारांची उजव्या दंडात. शिंग्रिक्सही त्याच दिवशी चालली असती, पण आई त्या आठवड्यात माझ्याकडे असेल, म्हणजे बाबा घरी एकटे. तापात इनहेलर, शुगर कोण बघणार, म्हणून ती जूनमध्ये आई परत गेल्यावर. दुसरा डोस सप्टेंबरमध्ये, गणपती झाले की. सहा महिन्यांची मुदत डिसेंबरपर्यंत आहे, त्यामुळे मध्ये आजारपण आलं तरी हात मोकळा राहतो. स्टिकरसाठी वही केली.
आईचं अजून अडलंय. तिचे सांधे सध्या फार सुजलेत. एक डॉक्टर म्हणतात नवीन गोळी आत्ताच सुरू करा, लस चालू औषधातच देऊ, थोडी कमी लागू पडेल. दुसरे म्हणतात महिनाभर स्टेरॉइडवर काढा, दोन्ही डोस होऊ द्या. निरंजना, तू तो महिना कसा काढलास? आणि लशीने सांधे आणखी दुखले का?

निरंजना
मी पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर काढला, पण माझी सूज तुझ्या आईइतकी नव्हती बहुतेक. दुसऱ्या डोसनंतर मनगटं आठवडाभर जास्त दुखली, ते लशीमुळे की आजारामुळे ते माझ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आईला सध्या स्टेरॉइड किती चालू आहे आणि मागच्या रक्ततपासणीत सूज दाखवणारा सीआरपी किती होता, ते दोघांपैकी कुणी विचारलं का?